अनुभव धागा: ‘येणार का?’ हे कुणाला कशावर विचारायचं?

वेळणेश्वरला २८ डिसेंबरला आमचं कुलसंमेलन आहे. यादीत १४० घरं आहेत. निम्मी मुंबई-पुण्यात, काही वाडीतच, थोडी परदेशात. आचाऱ्याला आकडा तीन दिवस आधी हवा, कारण पानं, नारळ, तांदूळ सगळं त्यावर ठरतं. मेसेज, व्हॉट्सॲप की ईमेल, यावर समितीत रोज वाद चालू आहे. ज्यांनी असं काही निभावलंय त्यांनी आपापला अनुभव लिहा. पत्रिका कशी असावी हा विषय नाही. उत्तर कसं मिळवलंत तेवढं सांगा.

सुपारीची बाग, गुहागर

आमच्या देवळाच्या उत्सवाची यादी माझ्याकडे असते. पहिली गोष्ट, यादीत नावापुढे एकच फोन नंबर असून भागत नाही. येणार कोण, फोन कुणाचा आणि उत्तर देणार कोण, ही बहुतेक वेळा तीन वेगळी माणसं असतात. आमच्याकडच्या एका आजींच्या नावापुढचा नंबर ठाण्यातल्या सुनेचा होता. सून मेसेज वाचायची, “हो” लिहायची, आणि आजींना कुणी सांगितलेलंच नसायचं. म्हणून मी आता नाव नोंदवतानाच विचारते, “उत्तर कशावर द्याल, आणि कोण देईल?” वय विचारत नाही.

व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्ट करणार असाल तर जपून. ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केलेला असतो त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. बाकीच्यांच्या नावापुढे एकच टिक राहते आणि आपल्याला वाटतं नेट बंद असेल. तरुण मंडळींपैकी फार थोड्यांनी समितीच्या काकूंचा नंबर जतन केलेला असतो. तेव्हा एका यादीत २५६ जण बसतात म्हणून खूश होऊ नका. आधी प्रत्येकाला “हा नंबर जतन करा” सांगावं लागतं, नाहीतर एकेकाला वेगळा मेसेज.

साध्या मेसेजचं गणित वेगळं. देवनागरीत एका मेसेजमध्ये ७० च अक्षरं मावतात, इंग्रजीत १६०. आणि काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण, सगळी स्वतंत्र मोजली जातात. ‘वेळणेश्वर’ डोळ्याला पाच अक्षरं दिसतात, फोन नऊ मोजतो. ७० च्या वर गेलात की मेसेजचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकडा पॅकमधल्या रोजच्या १०० मेसेजमधून वजा होतो. “आपणांस सस्नेह निमंत्रण” असं सुरू केलंत तर तीन तुकडे ठरलेलेच, म्हणजे दिवसाला ३३ माणसं. तुमच्यासाठी हे चालेल:

“२८ डिसें. कुलसंमेलन, वेळणेश्वर. किती जण येणार? फक्त आकडा पाठवा.”

हे ६३ भरतं. आणि आकडाच मागा. बटनांच्या फोनवर मराठी टाइप करणं म्हणजे शिक्षा. ४ दाबून पाठवणं सत्तरीच्या माणसालाही जमतं. येणार नसेल तर ० पाठवा, हे एकदा फोनवर तोंडी सांगून ठेवायचं.

कोथरूडचा चाकरमानी

एवढं कशाला? एक ग्रुप करा, त्यात सगळ्यांना टाका, ‘येणार / नाही’ असा पोल लावा. दोन टिका आल्या म्हणजे माणसाला कळलं. आता आजोबांकडेही स्मार्टफोन असतो. मेसेजचा जमाना गेला, तिथे आता फक्त ओटीपी आणि बँकेचे हप्ते येतात.

सुपारीची बाग, गुहागर

ग्रुपचं अर्धं बरोबर आहे. ग्रुपमध्ये मेसेज दाबून धरला की कुणी वाचलं त्यांची यादी दिसते, आणि एखाद्याने निळ्या टिका बंद ठेवल्या असल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच. ही सोय मी वापरते. पण दोन करड्या टिकांचा अर्थ मेसेज फोनपर्यंत गेला, एवढाच. फोन उशीखाली असू शकतो.

पोलमध्ये आमची अडचण वेगळी झाली. एका घरातून एकाने ‘येणार’ दाबलं, पण येणारे सहा की एक ते पोल सांगत नाही. दुसऱ्या घरातून चौघांनी दाबलं आणि मग “आम्ही दोघंच येतोय, पोरांनी उगाच दाबलंय” असा फोन आला. पोल लावायचाच तर पर्याय ‘१, २, ३-४, ५ किंवा जास्त’ असे ठेवा आणि घरटी एकानेच दाबायचं असं वर लिहा. ग्रुप शांत करून ठेवणारे तरीही निसटतात.

आणि हात जोडल्याचं चित्र! “येणार का?” या प्रश्नाला आमच्या पासष्टीच्या पुढच्या मंडळींकडून सर्वात जास्त तेच येतं. त्याचा अर्थ “येतो”, “जमणार नाही, क्षमस्व” आणि “निमंत्रण मिळालं, आभार” यातला कुठलाही असू शकतो. मी ते उत्तर म्हणून धरत नाही, लगेच फोन करते.

तारकर्लीची न्याहारी-निवास

आमच्याकडे येणाऱ्यांना आम्ही बुकिंगची खात्री व्हॉट्सॲपवर देतो, पैसे मिळाल्याच्या पावतीसकट. कंपन्यांच्या सहली असल्या की ईमेलच, त्यांच्या हिशेबखात्याला तेच लागतं. पण लोक येताना व्हॉट्सॲपवरचं लोकेशन उघडत बसतात, आणि आतल्या रस्त्याला नेट गेलं की फोन करतात, “आम्ही कुठे आहोत?” आता मलाच काय माहीत तुम्ही कुठे आहात! म्हणून आदल्या संध्याकाळी साधा मेसेज टाकतो: देऊळ, त्यानंतर डावीकडे, निळं फाटक. तो नेटशिवाय पोचतो आणि नेटशिवाय वाचता येतो. वयस्कर मंडळी असतील तर गाडी चालवणाऱ्याचा नंबर मागतो, बुकिंग करणाऱ्याचा नाही.

धागाकर्ता

आमचा प्रश्न हजेरीचा आहे, बुकिंगचा नव्हे. पण गाडी चालवणाऱ्याचा नंबर मागायचं पटलं, लिहून घेतो.

राजापूर तालुक्यातली आरोग्यसेविका

मोतीबिंदूच्या शिबिरांना माणसं जमवायचं काम माझ्याकडे असतं. मागे एका संस्थेने एजन्सीकडून घाऊक मेसेज पाठवले. मजकूर नीट होता, शेवटी “येणार असल्यास हो कळवा” असंही होतं. पण असे मेसेज नंबरवरून येत नाहीत, संस्थेच्या आखूड नावाने येतात, आणि त्यांना उलट उत्तर पाठवता येत नाही. म्हातारी माणसं “हो” लिहून पाठवत राहिली, ते कुणाकडेच गेलं नाही. गाडीत जागा नाही म्हणून निम्म्यांना ओट्यावरून परत जावं लागलं. तेव्हा घाऊक मेसेज केलात तर उत्तरासाठी साधा फोन नंबर मजकुरातच द्या. शिवाय तो मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, आयत्या वेळी त्यातले शब्द बदलता येत नाहीत. तारीख पुढे गेली तर पंचाईत होते.

दुसरं, मेसेज वाचतो नातू. त्यामुळे सकाळी पाठवून उपयोग नाही. पोरं शाळेतून येतात, चहा होतो, तेव्हा पाठवायचा. ज्यांना अक्षरं दिसतच नाहीत त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲपवर मी आवाज रेकॉर्ड करून पाठवते, त्यांच्याच बोलीत: “मंगळवारी शिबिराक येतलास मा? उपाशी येव नको.” ऐकलं की माइकचं चिन्ह निळं होतं. निळ्या टिका बंद असल्या तरी ते निळं होतं. मग मिस्ड कॉल द्यायला सांगते. मिस्ड कॉल आला की नावापुढे खूण.

दुबईहून, मूळ दाभोळ

माझा भारतातला नंबर वर्षभर कपाटात असतो, त्यावर मेसेज पाठवून काही होणार नाही. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, कॉल मात्र इथे लागत नाहीत, तेव्हा “फोन करून विचारतो” हे आमच्या बाबतीत विसरा. मला ईमेल बरा. सोबत कॅलेंडरचं निमंत्रण जोडलंत तर वेळ आपोआप इथल्या घड्याळाप्रमाणे दिसते: तुमचे साडेनऊ म्हणजे इथले आठ. ऑनलाइन पूजेच्या वेळी याचा फार उपयोग होतो. आणि रजेचा अर्ज करताना मला तारखेचा कागद लागतो, ग्रुपमधला मेसेज साहेबाला दाखवता येत नाही. फक्त कृपा करून महिनाभर आधी पाठवा. तीन दिवस आधी विचारून मी काय विमान पकडणार?

निवृत्त मास्तर, दापोली

वय ७८. वयावरून वाटण्या करणाऱ्यांना नम्र सूचना: मी ईमेल रोज सकाळी संगणकावर वाचतो, अक्षर मोठं करून, आणि दोन ओळींचं उत्तर देतो. माझा २४ वर्षांचा नातू कॉलेज सुटल्यापासून ईमेल उघडत नाही. व्हॉट्सॲप माझ्याकडे आहे, पण त्यात शुभ सकाळ आणि औषधी पाल्यांच्या ढिगाखाली कामाचा मेसेज सापडत नाही. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला मला वयस्कर समजून फक्त साधा मेसेज पाठवला. माझ्या फोनमध्ये तो बँकेच्या मेसेजांखाली गेला. मेळावा झाल्यावर वर्तमानपत्रात फोटो पाहिला.

कोथरूडचा चाकरमानी

मास्तर, तुमच्यासारखे किती? यादी करणाऱ्याने प्रत्येकाच्या सवयी कुठे लक्षात ठेवायच्या? १४० घरांना तीन प्रकारे पाठवायचं म्हणजे तीन ठिकाणची उत्तरं पुन्हा एकत्र करायची. त्यात कुणीतरी दोनदा मोजला जाणार.

सुपारीची बाग, गुहागर

जातोच. एक माणूस ईमेलला उत्तर देतो आणि बायको ग्रुपवर. म्हणून वही एकच, आणि तिच्यात घराच्या नावाची एकच ओळ. कुठूनही उत्तर येवो, त्याच ओळीत आकडा, पुढे म, व्ह किंवा ई, आणि तारीख. दुसरं उत्तर आलं तर जुना आकडा खोडायचा, बेरीज करायची नाही. हे काम एकाच माणसाकडे ठेवा. समितीतले तिघं आपापल्या फोनवर उत्तरं घेत बसले की आटोपलंच.

वेळाही वेगवेगळ्या ठेवते. ईमेलवाल्यांना महिनाभर आधी, व्हॉट्सॲपवाल्यांना दहा दिवस आधी, कारण त्याहून आधी “बघू” एवढंच उत्तर येतं. साधा मेसेज पाच दिवस आधी. आकडा द्यायच्या आदल्या दिवशी रिकाम्या ओळींना फोन. दुबईवाल्यांना फोनऐवजी पुन्हा मेसेज, हे आज कळलं.

हर्णै बंदर

वादळात लाइट जाते, मग टॉवरही बसतो. निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कितीतरी दिवस ना मेसेज ना व्हॉट्सॲप. डिसेंबरात तेवढी भीती नाही, पण वाडीतल्या घरांना गुरवाकडून निरोप धाडा. त्याला सगळ्यांची जेवायची माणसं माहीत असतात.

धागाकर्ता

वाडीतली २३ घरं गुरवाकडे दिली. बाकीच्यांना “उत्तर कशावर द्याल” हा प्रश्न आजपासून फोनवर विचारतोय. एक मुद्दा मात्र समितीत अजून अडकलाय. ग्रुपमध्ये वाचल्याचं दिसतं, फोन उचलत नाहीत, ‘नाही’ही म्हणत नाहीत, अशी घरं पानात धरायची की नाही? खजिनदार म्हणतात धरायची नाहीत. आचारी म्हणतो, असलेच लोक नेमके पाच माणसं घेऊन येतात. तुमच्याकडे काय करता?

सुपारीची बाग, गुहागर

मी निम्मी धरते. भात जास्त टाकायला सांगते, मोदक नाही.