एजंट शोधताना पहिल्याच ईमेलमध्ये कमिशनच्या अटी लिहाव्यात का?

समुद्रपूरची सचिव: आमची शेतकरी उत्पादक कंपनी वायगाव हळदीची पूड विकते. अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांसाठी कमिशनवर एजंट हवे असून किराणा मालाची विक्री करणाऱ्या चाळीस जणांचे ईमेल पत्ते जमवले आहेत. संचालक म्हणतात, ‘आकर्षक कमिशन’ एवढेच लिहा, बाकीचे भेटीत ठरवू. मला सर्व अटी पहिल्याच ईमेलमध्ये लिहाव्यात असे वाटते. काय करावे?

वर्ध्याचा जुना वितरक: ताई, अटी लिहाच. मात्र केवळ ‘८ टक्के’ लिहून भागणार नाही, कारण भांडण दरावरून क्वचितच होते. ते कमिशन कशावर आणि केव्हा, यावरून होते. समजा, एजंटने एका दुकानदाराला २५० रुपये किलोने १२० किलो हळद विकली. माल ३०,००० रुपयांचा, ५ टक्के जीएसटी धरून बिल ३१,५०० रुपयांचे. एजंट मनात ३१,५०० चे ८ टक्के, म्हणजे २,५२० रुपये धरून बसतो. महिनाअखेर दुकानदाराने २१,००० रुपये भरले, २० किलो माल परत पाठवला आणि ५,२५० रुपये उधार ठेवले. जीएसटी वगळता तुमच्या हाती आले २०,०००, म्हणून त्या महिन्याचे कमिशन १,६०० रुपये. उधारी वसूल झाली की आणखी ४००. हे आधी लिहिलेले नसेल, तर त्या ९२० रुपयांपायी चांगला माणूस दुसऱ्याच महिन्यात सोडून जातो. म्हणून ईमेलमध्ये असे वाक्य हवे: “जीएसटी वगळून प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेवर ८ टक्के, परत आलेल्या मालावर कमिशन नाही, दरमहा १० तारखेला हिशेबाच्या तक्त्यासह बँक खात्यात.” खाली हेच उदाहरण आकड्यांसह द्या.

यवतमाळचा व्यापारी: मी याच्या पूर्ण विरोधात आहे. एकदा दर लिहिला की तो चाळीस जणांच्या हाती जातो आणि पुढे कमी करता येत नाही. दिग्रस आणि दारव्हा येथील दुकानांना एकाच फेरीत भेट देणाऱ्याला ६ टक्के परवडतात. मेळघाटात धारणीपर्यंत स्वतःच्या पेट्रोलवर जाणाऱ्याला १० टक्केही पुरत नाहीत. माणूस पाहिल्याशिवाय दर सांगणे म्हणजे पेरणीआधीच पिकाचा सौदा करणे होय.

चंद्रपूरचा तरुण: मलाही असाच ईमेल आला होता. दर नव्हता, ‘भरपूर कमाई’ होती; भेटायला गेल्यावर नमुन्यांसाठी ५,००० रुपये अनामत मागितली आणि आणखी दोघांना आणल्यास त्यांच्या पैशातून वाटा देऊ, असे सांगितले. अनामत अजून परत मिळालेली नाही. ती कशी मिळवावी?

वर्ध्याचा जुना वितरक: भाऊ, पावती आणि तो ईमेल जपून ठेवा आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर विचारा. माणसे जोडण्याबद्दल पैसे देणारी साखळी थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनुसार चालत नाही. ताई, याच कारणासाठी तुमच्या ईमेलमध्ये स्पष्ट लिहा की, अनामत नाही, नमुने कंपनीचे, आणि कमिशन फक्त विकलेल्या मालावर. संशय असलेला माणूस उत्तरच देत नाही, आणि नेमका तोच तुम्हाला हवा असतो.

हिंगणघाटचा हिशेबनीस: टीडीएसचा उल्लेख नको, एजंट घाबरतात. वर्षाला २०,००० रुपयांपर्यंत तो कापलाच जात नाही.

वर्ध्याचा जुना वितरक: मर्यादा बरोबर आहे, पण महिन्याला २,००० मिळवणारा एजंट अकराव्या महिन्यात ती ओलांडतो, आणि मग कपात केवळ वरच्या रकमेवर नव्हे, तर वर्षाच्या सगळ्या कमिशनवर होते. दर २ टक्के आहे. पॅन दिला नसेल तर २०. म्हणून पॅन पहिल्याच दिवशी घ्या आणि ईमेलमध्ये एक ओळ लिहा. आणखी एक अट विसरू नका: एजंटने दुकानदाराकडून रोख घ्यायची नाही आणि परस्पर सूट कबूल करायची नाही. माझ्या एका माणसाने मार्चमध्ये तीन दुकानांत दहा-दहा टक्क्यांची सूट तोंडी कबूल केली होती. ती मला द्यावी लागली.

यवतमाळचा व्यापारी: रोखीचे आणि अनामतीचे मान्य. अंतराप्रमाणे दोन दर लिहिले, तर माझा आक्षेपही निम्मा मिटतो. परंतु तेच दुकान पुढच्या वर्षी थेट कंपनीला फोन करून माल मागवते, तेव्हा कमिशन का द्यायचे?

वर्ध्याचा जुना वितरक: कारण दुकान त्याने उघडून दिले. मी बारा महिने देतो.

यवतमाळचा व्यापारी: मी पहिल्या तीन बिलांनंतर देत नाही, आणि तरीही माझे दोन एजंट सहा वर्षांपासून टिकून आहेत.

समुद्रपूरची सचिव: संचालकांसमोर हिशेबाचे उदाहरण, दोन दर आणि अनामत नसल्याची ओळ ठेवते. थेट फोनवरच्या मागणीबाबत सहा महिने लिहावेत असे सध्या वाटते. आमच्या भागात दुकानदार हळद वर्षातून किती वेळा भरतात, हे आधी जुन्या बिलांतून पाहते.