फोटोखाली ओळ लिहावी की गप्प बसावं? तुमचे अनुभव सांगा

पाणवठा

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये माझ्या वारीच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन लावलं होतं. बावीस फोटो, सगळे आळंदी ते लोणंद या टप्प्यातले. प्रत्येकाखाली मी हौसेने पाटी लावली: कुठे अभंगाची ओळ, कुठे 'विसावा', कुठे 'ओढ'. पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि लोकांकडेच बघत राहिले. बहुतेक जण आधी वाकून पाटी वाचत, मग फोटोवर नजर टाकत, बरोबर आहे अशा अर्थी मान हलवत आणि पुढे सरकत. माझा जीव खाली गेला. रात्री सगळ्या पाट्या उपटून काढल्या.

दुसऱ्या दिवशी लोक थांबायला लागले. चिखलाने माखलेल्या पायांचा एक फोटो आहे, नुसते पाय, दहाबारा जणांचे. आदल्या दिवशी त्याखाली अभंग होता आणि कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता एक आजोबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "ह्या मधल्याच्या एकाच पायात चप्पल आहे." फोटो मी काढलाय, घरी चारदा मोठा करून बघितलाय, आणि मला ते दिसलं नव्हतं!

पण अकरा नंबरच्या फोटोने घोळ घातला. दिवे घाटाचा माथा, कठड्यावर एक म्हातारी डोळे मिटून बसलीय, मागून दिंडी चाललीय, भगव्या पताका अस्पष्ट. सगळ्यांना ती दमलेली वारकरीण वाटली. ती वारकरीण नाहीच. झेंडेवाडीकडची आहे, वारीला कधी गेलेली नाही. दर वर्षी हंडे भरून आणते आणि दिंड्यांना पाणी देते. मी फोटो घेतला तेव्हा शेवटचा हंडा संपवून टेकली होती. फोटोच्या डाव्या कडेला अर्धा कापलेला हंडा आहेसुद्धा, पण कुणाची नजर तिकडे गेली नाही. आणि माझी जुनी पाटी, 'विसावा', तिनेही हीच चुकीची समजूत पक्की केली होती.

म्हणजे लिहिलं तरी खोटं, नाही लिहिलं तरी खोटं. तुम्ही कसं ठरवता? उपदेश नको, घडलेलं सांगा.

जुनाफोटोडेस्क

मी दैनिकात तीस वर्षं फोटोओळी लिहिल्या, त्यापेक्षा जास्त दुसऱ्यांच्या खोडल्या. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला एकच काम द्यायचो: ओळ लिही, मग फोटो बघून ज्या गोष्टी दिसतात त्या ओळीतून काट. "पुराच्या पाण्यातून वाट काढताना नागरिक" यातलं काय उरतं? काहीच नाही. पाणी दिसतंय, नागरिक दिसताहेत, वाट काढतानाही दिसताहेत. उरायला हवं ते गाव, तारीख, नाव, आणि शटर दाबण्याच्या आधी किंवा नंतर काय घडलं ते.

सांगलीचंच घ्या. आयर्विन पूल आणि भोवती कृष्णेचं पाणी, हा फोटो २००५ चाही असू शकतो, २०१९ चाही, २०२१ चाही. पूल तोच, पाण्याचा रंग तोच. वर्ष लिहिलं नाही तर तो बातमीचा फोटो राहत नाही. जुना पूर नव्या पावसात फिरवणाऱ्यांचं काम अशाच गप्प फोटोंवर चालतं.

आता उलट बाजू. फ्रेंच छायाचित्रकार रोबेर दुआनो याने १९५८ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत फोटो काढला: काउंटरशी एक प्रौढ माणूस, शेजारी तरुणी, समोर वाइनचे ग्लास. एका मासिकात तो कॅफेंवरच्या लेखासोबत आला, तोवर काही बिघडलं नव्हतं. पुढे दारूबंदीवाल्यांच्या पत्रकात आला तेव्हा तोच माणूस दारूचा बळी झाला. मग एका चटकदार साप्ताहिकाने वेश्याव्यवसायावरच्या मजकुराला तो लावला. फोटोतला माणूस चित्रकलेचा शिक्षक होता, तो कोर्टात गेला. फोटोचा एक कणही बदलला नव्हता.

म्हणून ताई, तुमचा चिखलाचा फोटो आणि अकरा नंबर या दोन वेगळ्या जाती आहेत. पायांच्या फोटोत जे आहे ते सगळं चौकटीत आहे. अकरा नंबरची गोष्ट चौकटीबाहेर आहे.

पस्तीसएमएम

काकांशी असहमत. बातमीचं ठीक आहे, पण भिंतीवरच्या फोटोला ओळ लागत असेल तर फोटो कमी पडलाय. रॉबर्ट फ्रँकचं अमेरिकेवरचं पुस्तक बघा, ८३ फोटो, एक शब्द नाही. हंडा नीट फ्रेममध्ये घेतला असता तर हा धागाच निघाला नसता. (राग नको, मीही असाच शिकलो.)

जुनाफोटोडेस्क

एक शब्द नाही हे खरं नाही. १९५८ ची पॅरिसची आवृत्ती होती तिच्यात फोटोंच्या समोरच्या पानांवर अमेरिकेबद्दल निरनिराळ्या लेखकांचे उतारे भरले होते. १९५९ च्या अमेरिकन आवृत्तीत ते काढले. फोटो तेच, पण पुस्तक वेगळं झालं. मात्र तिथेही स्थळाची छोटी ओळ ठेवली. ट्रामच्या खिडक्यांचा फोटो आहे ना, पुढे गोरे, मागे काळे, त्याला फक्त 'ट्राम, न्यू ऑर्लिन्स' एवढं. वंशभेदाबद्दल अवाक्षर नाही. पण गावाचं नाव काढून टाका आणि बघा, नुसती ट्राम उरते. तुमचं निम्मं बरोबर आहे: टिप्पणी नको. ठिकाण मात्र हवं.

पस्तीसएमएम

मान्य, थोडंसं. माझ्याकडची प्रत पीडीएफ आहे, त्यात ओळी कापल्या गेल्या असतील.

बारामतीची_मावशी

माझ्या भाचीच्या बारशाचे फोटो टाकायचेत, कॅप्शनला छान ओळ सुचवा ना. हृदयस्पर्शी हवी पण फार लांब नको.

पाणवठा

मावशी, धागा जरा वेगळा आहे. पण बाळाचं नाव आणि तारीख लिहा. वीस वर्षांनी तेवढंच शोधाल.

बारामतीची_मावशी

एवढंच? बरं. पण ज्यांनी नाव ठेवलं त्या आत्याचंही लिहिते, नाहीतर ती रुसेल.

गंजलेली_ट्रंक

मावशींचा प्रश्न चुकून बरोबर जागी पडला. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत दोनशेच्या आसपास फोटो निघाले. ज्यांच्यामागे काही लिहिलंय ते वाचले, बाकीचे चेहरे आता कुणाचेच नाहीत. एका ग्रुप फोटोमागे कुणीतरी बॉलपेनने जोर देऊन नावं लिहिलीत. अक्षरं पुढून उमटलीत, एका काकांच्या गालावर "विष्णू" उठून दिसतो. जुन्या कागदी प्रिंटवर मऊ पेन्सिल, तीही कडेला, हलक्या हाताने. नंतरच्या प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उठत नाही, त्याला वेगळं पेन लागतं आणि शाई वाळेपर्यंत दुसरा फोटो वर ठेवायचा नाही, हे मी एक खराब करून शिकले.

पण सांगायचं होतं ते वेगळंच. एका फोटोत आजी एकटी, ओट्यावर बसलेली, कुठेतरी बघतेय. मागे तिच्याच अक्षरात फक्त "दुपार". वर्ष नाही, गाव नाही. आईने मला सांगितलं त्याखाली नीट माहिती लिही. मला अजून लिहवत नाही. डेस्कवाल्या काकांच्या नियमाने ही ओळ नापास आहे ना?

जुनाफोटोडेस्क

नापास. आणि मी असतो तर तशीच ठेवली असती. तुमची माहिती वेगळ्या कागदावर लिहून फोटोसोबत ठेवा, तिच्या अक्षराशेजारी नको.

फडावरची_शाळा

मी ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी काम करते. बीडकडून टोळ्या येतात, कारखान्याच्या आवारात कोप्या पडतात, तिथे आमचा वर्ग. देणगीच्या पत्रकासाठी एक फोटो घेतला: नऊ वर्षांची मुलगी, कडेवर भाऊ, मागे उसाची गाडी. खाली कुणीतरी ऑफिसात बसून छापलं, "हरवलेलं बालपण". पत्रक फिरत फिरत कोपीवर पोचलं. मुलीची आई वाचता न येणारी, तिने मुलीकडूनच ते वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "बाई, हिचं काय हरवलंय? आमी कोयत्यावर जातो तवा ती त्याला सांभाळती. वर्गात पहिली हाय. ते का नाय लिवलं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आम्ही ठरवलं: मुलाचं नाव-गाव छापायचं नाही, आणि त्याच्या मनात काय चाललंय हेही छापायचं नाही. मग फोटोखाली जवळपास काही उरतच नाही. देणग्या कमी झाल्या का? थोड्या झाल्या. हा प्रश्न माझा अजून सुटलेला नाही.

पस्तीसएमएम

यावर मला काही बोलता येत नाही.

ऐकणारा

मी दृष्टिहीन आहे, फोनवर टॉकबॅकने हा धागा ऐकतोय. तुम्ही सगळे "फोटोला बोलू द्या" म्हणता तेव्हा माझा फोन म्हणतो, "इमेज". बस. तुमचं मौन माझ्याकडे दार बंद होऊन येतं. भिंतीवरची पाटी काढा, माझी हरकत नाही, पण फोटो ऑनलाइन टाकताना ऑल्ट टेक्स्टच्या जागेत वर्णन लिहा. ते डोळ्यांनी बघणाऱ्याला दिसत नाही, त्याचं काही बिघडत नाही. आणि डेस्कवाले काका, तिथे तुमचा नियम उलटा चालतो. जे दिसतंय तेच मला हवंय: चिखल, किती पाय, कुणाच्या पायात चप्पल.

जुनाफोटोडेस्क

हे माझ्या तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. जोडून एक: फोटोच्या फाइलमध्येच वर्णनाचा रकाना असतो, फोटोची बरीचशी सॉफ्टवेअर तो भरू देतात. भिंतीवर गप्प राहा, फाइलमध्ये सगळं लिहून ठेवा. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ते पुसलं जातं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पाणवठा

प्रदर्शन पुढच्या आठवड्यात तालुक्याला जातंय, म्हणून हे ठरवलं. फोटोखाली फक्त आकडे. दारात एक कागद, त्यावर आकड्यापुढे ठिकाण आणि तारीख. अकरा नंबरखाली मात्र पाटी: "झेंडेवाडी. दिंड्यांना पाणी देऊन झाल्यावर." घरच्यांवर करून बघितलं. जावेने वाचलं, आणि पहिल्यांदाच तिचं बोट डाव्या कडेच्या हंड्याकडे गेलं.

जुनाफोटोडेस्क

दारातला कागद कुणी उचलत नाही. आणि एकालाच पाटी दिली की सगळे त्याच फोटोपाशी गर्दी करणार.

पाणवठा

करू देत. ऐकणारा, तुमच्यासाठी अकराचं वर्णन लिहिलंय, बघा जमलंय का: दगडी कठड्यावर साठी-सत्तरीची बाई, हिरवं लुगडं, डोळे मिटलेले, हात मांडीवर उताणे. मागे चालणारी माणसं आणि पताका धूसर. डाव्या कडेला रिकामा पितळी हंडा, अर्धाच दिसतो.

ऐकणारा

छान. एक विचारू? हंडा रिकामा आहे हे दिसतंय, की तिने सांगितलं?

पाणवठा

तिने सांगितलं. फोटोत हंड्याचं तोंड नाहीये.