मदत हवी आहे: ग्राहकाने चॅटमध्ये सिक्रेट की चिकटवली, उत्तर काय लिहू?

शेवचिवडा
मंडळी, मी एका छोट्या होस्टिंग कंपनीच्या सपोर्ट चॅटवर असते. दुपारी एका ग्राहकाने "बॅकअप S3 वर जात नाहीये, बघा जरा" म्हणून दोन ओळी चिकटवल्या. पहिली AKIA ने सुरू होणारी, दुसरी लांबलचक, मध्ये / आणि + असलेली. आमच्याकडे ग्राहकाचा मेसेज कोट करूनच उत्तर द्यायची पद्धत आहे, आणि चॅट बंद केली की सगळा संवाद दोघांना ईमेलने जातो. म्हणजे कोट केलं तर तीच ओळ पुन्हा माझ्या हातून जाणार. नाही केलं तर सिनिअर म्हणणार, कशाबद्दल बोलतेयस ते कळत नाही. चॅट अजून उघडीच ठेवलीय.

पाटावरवंटा
ॲडमिनला सांगून मेसेज उडव. विषय संपला.

नाखवा
उडव, पण विषय तिथे संपत नाही. नोटिफिकेशन कोणाकोणाच्या मोबाईलवर गेलं, मेसेजची नक्कल आणखी कुठल्या सिस्टिममध्ये पडली, हे तुला कळणार नाही. त्यामुळे की फुटली असंच धरायचं आणि ग्राहकाला ती बदलायला लावायची. कोटऐवजी मेसेजची वेळ लिही. मी असं लिहीन:

"आपल्या दुपारी २:४० च्या मेसेजमध्ये AWS ची सिक्रेट की आली आहे. आम्ही ती वापरलेली नाही. कृपया ती पुन्हा पाठवू नका. IAM मध्ये नवी की तयार करून बॅकअपच्या सेटिंगमध्ये घाला, बॅकअप चालला की जुनी बंद करा. तोपर्यंत स्क्रीनवर येणारा एरर पाठवा, त्यात की असेल तर तेवढी खोडून."

शेवटचं वाक्य विसरू नकोस. एरर मागितला की लोक अख्खी कॉन्फिग फाईल पाठवतात.

एका युजरला दोनच की मिळतात. आधीच दोन असतील तर न वापरातली एक काढल्याशिवाय नवी होत नाही. आणि जुनी आधी नुसती बंद करायची, डिलीट नंतर. दुसरं काही तिच्यावर चालत असेल तर परत सुरू करता येते. त्यांना कमांड हवी असेल तर:

```
aws iam update-access-key --user-name USER --access-key-id OLD_KEY_ID --status Inactive
```

यात फक्त AKIA वाला आयडी लागतो. सिक्रेट कुठेच लागत नाही, म्हणजे ते कोणी पुन्हा लिहायचं कारणच उरत नाही.

उंबरठा
शेवटची चार अक्षरं लिहिली तर चालतात की. बँकवाले कार्डाचं तेच करतात.

नाखवा
आयडीची चालतील, नुसत्या आयडीने कोणी आत शिरत नाही. सिक्रेट ४० अक्षरांचं असतं, त्यातली ४ गेल्याने आभाळ कोसळत नाही. पण उद्या कोणी साधा पासवर्ड चिकटवेल, ganpati2019 सारखा. त्याची शेवटची चार म्हणजे अख्खं सालच. वेळ लिहायची सवय दोन्हीकडे चालते.

काकडआरती
आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सेक्रेटरींनी सीसीटीव्हीचा पासवर्ड टाकला. जोशीकाकांनी त्यालाच रिप्लाय करून लिहिलं, "असं टाकू नये." सेक्रेटरींनी मूळ मेसेज उडवला, काकांच्या रिप्लायवर पासवर्ड तसाच! कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलायचा कसा, माहितीय का कोणाला?

पाटावरवंटा
त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

शेवचिवडा
नाखवा, तुमचाच मजकूर पाठवला. एक शंका. मागे एकाने अशीच ४० अक्षरी ओळ पाठवली, मी घाबरले, तर तो गिटचा कमिट निघाला. ओळखायचं कसं?

नाखवा
कमिटमध्ये ० ते ९ आणि a ते f एवढंच असतं. AWS च्या सिक्रेटमध्ये लहानमोठी सगळी अक्षरं येतात. पण उलट धरू नकोस, दुसऱ्या सेवांच्या नुसत्या ० ते ९ आणि a ते f वाल्या सिक्रेट की पण असतात. शंका असली तर "ही ओळ कशाची आहे?" एवढंच विचार. बघायला म्हणून गूगलवर किंवा पासवर्ड तपासणाऱ्या साइटवर टाकू नकोस, ती आणखी एक नक्कल.

शेवचिवडा
ग्राहकाने नवी की केली, बॅकअप सुरू झाला. पण म्हणतात, जुन्या कीसमोर 'Last used' मध्ये आजचीच तारीख दिसतेय, आणि बॅकअप तर आठवडाभर बंद होता.

नाखवा
बॅकअप प्लगिन रोज प्रयत्न करत असेल, तर तेही असू शकेल. तिथेच सर्व्हिस आणि रीजन दिसतं. s3 आणि त्यांचंच रीजन असेल तर बहुधा प्लगिनच. ec2 किंवा iam दिसलं तर जुनी की लगेच बंद करायला सांग, बाकी तपास नंतर.

शेवचिवडा
विचारते. आणि त्या ईमेलचं काय करू? सिनिअर म्हणतात, संवादात काटछाट करायची नाही, रेकॉर्ड लागतं.

उंबरठा
ओळीच्या जागी "ग्राहकाची की काढली" असं लिहून ठेवलं तर रेकॉर्ड राहतंच ना?

नाखवा
मलाही तेच पटतं, पण तुमच्या कंपनीचा नियम काय ते सिनिअरकडून लेखी घे. तोवर चॅट बंद करू नकोस.