डाइंगवाल्याला पाठवायच्या मेलमधले टोमणे काढू की राहू देऊ?

सात_रस्ता: अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मर्चंडायझिंग बघतो. लॉटची शेड गडद आली, त्यावरून डाइंगच्या सुपरवायझरशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. आता हा मेल लिहिलाय, अजून पाठवला नाही:

"मी 12 तारखेलाच स्पष्ट कळवल्याप्रमाणे शेड फिकट हवी होती. कदाचित आपणास मेल वाचायला वेळ मिळाला नसेल. असो. यापुढे तरी लॅब डिप पास झाल्याशिवाय लॉट घेऊ नये, ही नम्र विनंती."

लॅब डिप म्हणजे लॉटआधी रंगवून दाखवायचा नमुना. मोठ्या साहेबांना सीसी आहे. शिवी एकही नाही, तरी बायको म्हणते हा मेल चावतोय.

होटगीरोडकर: राहू दे बे सगळं! गोड लिहिलं की चूक कुणाची ते कागदावरून पुसलं जातं. वर्षाअखेरीला तुझ्याच नावावर येईल.

जुना_मास्तर: चूक कागदावर ठेवायला तारीख पुरते. एकेक तुकडा झाकून बघा, माहिती कमी होते का? "12 तारखेला" झाकलं तर होते, म्हणून ते ठेवा. "च स्पष्ट" झाकलं तर काहीच जात नाही, फक्त डंख जातो. "यापुढे तरी"मधला "तरी" तसाच. "वेळ मिळाला नसेल" हा तर त्याच्या मनाबद्दलचा तुमचा अंदाज. खरंच शंका असेल तर सरळ विचारा, मेल मिळाला होता का. आणि रोज अरेतुरे करत असाल तर एकदम "आपणास" आणि "नम्र विनंती" म्हणजे तोंडावर दार लावल्यासारखं.

मला खटकलं ते वेगळंच. इतके टोमणे आहेत, पण लॉट कधी मिळणार हे विचारलेलंच नाही. फिकट शेड वरून रंग देऊन गडद करता येते. गडद झाली तर आधी रंग उतरवावा लागतो, म्हणजे वेळ लागणार. मी असं लिहीन:

"12 तारखेच्या मेलमधली शेड पुन्हा जोडली आहे. आलेला लॉट तिच्यापेक्षा गडद आहे. स्ट्रिप करून पुन्हा रंगवला तर कधी मिळेल? शुक्रवारचं डिस्पॅच अडलं आहे. पुढचा लॉट लॅब डिप पास झाल्यावरच घेऊ."

चादरवाली: मला तर आमच्या ग्रुपवर नुसतं "ओके." येतं, पूर्णविरामासकट! त्याचं काय करायचं सांगा आधी.

पार्क_चौक: 12 तारखेचा उल्लेखही काढा. जुनं उकरू नये. फोन करून मिटवा.

जुना_मास्तर: फोन जरूर करा. पण तारीख काढली तर होटगीरोडकर म्हणतात तेच होईल.

होटगीरोडकर: मास्तर, "झाल्यावरच"मध्ये तुमचाही "च" हाय की!

जुना_मास्तर: तो अट सांगतो, "12 तारखेलाच"मधला डोळे वटारतो. पण पकडलंत बरोबर.

सात_रस्ता: "असो"सकट सगळं काढलं. "आपणास"च्या जागी "तुला" केलं. सीसीवर अडलोय. काढावं तर साहेबांना डिस्पॅच लांबल्याचं कळायला हवं, ठेवावं तर त्याला वाटणार चुगली केली.

पार्क_चौक: साहेबांना वेगळा मेल करा, फक्त डिस्पॅचचा.

होटगीरोडकर: आणि तो त्याला नंतर दुसऱ्याकडून कळला की? त्यापेक्षा सीसी बरी, निदान समोर तरी दिसते.