पुरात ऑफिस बंद झालं, तेव्हा तुमच्या नोटिशीत काय होतं?

ऑफिस अचानक बंद करावं लागलं तेव्हा काय कळवलं, काम कसं चाललं आणि परत कधी उघडलं, ते लिहा. सुरुवात मीच करते.

सांगली, ऑगस्ट 2019. मी एच.आर.मध्ये होते. पहिली नोटीस दोन ओळींची: 'पुढील सूचनेपर्यंत कार्यालय बंद.' झालं! रात्री अकरापर्यंत फोन, 'मॅडम, उद्या यायचं का?' दुसऱ्या दिवशी नव्यानं लिहिली. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांखाली आलं, की दुसऱ्या दिवशी वायरमन येणार. त्यानं मेन स्विच चालू करायला हो म्हटलं, की त्यानंतरच्या दिवशी सगळ्यांनी यायचं. रोज संध्याकाळी पाचला मेसेज, 'बदल नाही' एवढाच असला तरी. घरून काम फक्त पगाराचं, तेही मिरजेला बहिणीकडे गेलेल्या अकाउंटंटकडून. बाकीच्यांना लाइटच नव्हती, कसलं वर्क फ्रॉम होम!

– चिपळूणहून
आमच्याकडे जुलै 2021 मध्ये नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर होती. पण मोबाइलला रेंजच नव्हती! सातजणांना काही कळलंच नाही, त्यातला एक चिखल तुडवत ऑफिसच्या दारापर्यंत आला. आता यादी छापून ठेवलीय, कुणी कुणाला निरोप द्यायचा याची. आणि वायरमनची घाई करू नका. आमच्या साहेबांनी भिंतीतले बोर्ड ओले असतानाच मेन चालू केला. ठिणग्या उडाल्या.

– कारखान्यातला
काम बंद ठेवलं तर निम्मा पगार द्यावाच लागतो, कायदाच आहे. नोटिशीत लिहा.

– लेबर कन्सल्टंट, कोल्हापूर
अर्धं बरोबर. 2019 मध्ये लागू असलेल्या कायद्यात ती ले-ऑफची भरपाई मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी होती. पण कारखाना, खाण, मळा अशा ठिकाणी, तेही पन्नास किंवा जास्त कामगार असतील आणि कामगाराचं एक वर्ष भरलं असेल तर. साध्या ऑफिसला ते लागू नव्हतं. तिथं मालक काय ठरवतो तेच, म्हणून नोटिशीत 'भरपगारी' की 'रजा' हे स्पष्ट हवं. दुसरं, पुलाचा आकडा आंधळेपणानं घेऊ नका. 45 ही सांगलीची धोका पातळी, पण तुमच्या गल्लीतलं पाणी ओसरायला 43 लागतील किंवा 38. मागच्या पुरात गल्ली कधी मोकळी झाली ते विचारून आकडा धरा.

– एस.टी.ची प्रवासी
2021 च्या एस.टी. संपात आमचं ऑफिस बंद नव्हतंच, गाडी बंद होती! 'न आल्यास रजा धरली जाईल', एवढीच नोटीस. रोज वडापनं पंचाऐंशी रुपये मोडून गेले.

– धागाकर्ती
ताई, ते ऑफिस बंद नसतानाचं झालं, पण लिहिलंत ते बरं. कन्सल्टंट साहेब, गल्लीचा आकडा आम्ही खरंच चुकवला. 45 ला निरोप दिला, वायरमन गुडघाभर पाण्यातून परत गेला. अजून एक विचारायचंय: निवारा केंद्रात राहिलेल्यांचे ऑफिस उघडल्यानंतरचे चार दिवस हजेरीत काय धरायचे?

– चिपळूणहून
आम्ही विशेष रजा धरली. ऑडिटरनं अजून हरकत काढलेली नाही.