‘निरंक’ म्हणजे शून्य की रिकामं?

केतकी: प्रबंधाला पद्धतीचं परिशिष्ट जोडायचंय, म्हणजे विचारलेले सगळे प्रश्न आणि कोडबुक. एका शब्दापाशी अडलेय. प्रश्न ११ आहे, ‘पिण्याचं पाणी घरातच येतं का?’ (१ होय, २ नाही). प्रश्न १२, ‘पाणी आणायला जाऊन-येऊन किती मिनिटं लागतात?’ ज्यांच्या घरी नळ आहे त्यांच्या १२ समोर सर्वेक्षणाला गेलेल्या आमच्या मुलांनी ‘निरंक’ लिहिलंय आणि टंकताना त्याचं 0 झालंय. कोडबुकात या ‘निरंक’चा अर्थ काय देऊ? आणि कोडबुकला ‘संकेतसूची’ म्हटलं तर चालेल का?

भाऊ तळेकर: संकेत म्हणजे गुप्त खूण. परिशिष्टात गुप्त काय ठेवायचं? सगळं उघड लिहा की!

केतकी: भाऊ, गुप्त नाही हो. १ म्हणजे होय, २ म्हणजे नाही, असल्या आकड्यांची यादी.

दिगंबर: माझी नोकरी पंचायत समितीत गेली. वरून माहिती मागवली आणि कळवण्यासारखं काही नसलं की ‘निरंक’ लिहून पाठवायचो. म्हणजे शून्यच. पण कधी कधी माहिती गोळाच झालेली नसायची, तरीही निरंकच जायचं, हे आता सांगायला हरकत नाही.

स्नेहल: मग तो रकाना रिकामा ठेव. नळवाल्यांना प्रश्नच विचारला नाही, तर शून्य कसं?

माधवी फाटक: स्नेहल, शून्य नको हे बरोबर, पण रिकामं ठेवलं की कारण हरवतं. प्रश्न लागू नव्हता, बाईंना सांगता आलं नाही, की मुलगा विचारायला विसरला? तिन्ही रिकामे रकाने सारखेच दिसतात. गंमत म्हणजे शब्द फोडला तर निर् + अंक, ‘अंकच नाही’. कचेरीत तो शून्य या अर्थाने रुळला आणि नेमका तोच अर्थ टंकणाऱ्याने घेतला. केतकी, दहा फॉर्म काढून प्रश्न १२ ची सरासरी करून बघ.

केतकी: पहिले दहा काढले. सहा निरंक (म्हणजे 0), मग २०, ३०, ४०, आणि एक 99. ‘सांगता येत नाही’ला आम्ही 99 दिलं होतं. सरासरी १८.९ मिनिटं.

माधवी फाटक: बघ, 99 सुद्धा मिनिटं म्हणून मोजलं गेलं. एकाने सरासरी खाली ओढली, दुसऱ्याने वर, म्हणून आकडा दिसायला सभ्य आला. ज्यांनी खरंच मिनिटं सांगितली ते तिघेच, त्यांची सरासरी ३०. आणि 99 मिनिटं हे खरं उत्तरही असू शकतं. म्हणून कोड असा निवडायचा की जो उत्तर म्हणून येणारच नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण डीएचएस या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षणांच्या ज्या साच्यातलं आहे, त्यात याच प्रश्नाला 996 म्हणजे पाणी आवारातच, 998 म्हणजे माहीत नाही. तुझी नोंद साधारण अशी होईल:

```
q12_min   प्र. १२, मिनिटं, जाऊन-येऊन
कोणाला विचारला: फक्त q11 = 2
0 ते 300  सांगितलेली मिनिटं
997       लागू नाही (q11 = 1)
998       सांगता येत नाही
999       विचारायचं राहिलं
```

‘कोणाला विचारला’ ही ओळ लोक हमखास गाळतात. ती नसेल तर ३० मिनिटं सगळ्या गावाची की बाहेरून पाणी आणणाऱ्यांची, हे वाचणाऱ्याला कळत नाही. आणि आकडेमोड करणाऱ्या एसपीएसएस प्रोग्रॅमला हेही सांगावं लागतं, नाहीतर 997 सुद्धा मिनिटंच होतील:

```
MISSING VALUES q12_min (997, 998, 999).
```

‘निरंक’ शब्द कोडबुकात नकोच. मात्र फॉर्मवर तो लिहिला होता आणि त्याचे कोड तू नंतर केलेस, हे परिशिष्टात एका वाक्यात सांग.

स्नेहल: आणि ‘प्रश्नावली’ म्हणू नकोस. मुलांनी विचारून भरलंय, म्हणजे ती ‘अनुसूची’. उत्तर देणाऱ्याने स्वतः भरली तर प्रश्नावली.

माधवी फाटक: हा भेद आपल्याकडे शिकवतात खरा. पण प्रत्येकाला तो माहीत असतोच असं नाही. मी ‘मुलाखत-अनुसूची’ असा जोडशब्द वापरते.

दिगंबर: छापील प्रश्न हे असे शुद्ध. मुलांनी आमच्याकडे वऱ्हाडीत ‘किती टाइम लागते?’ असंच विचारलं असेल ना? मग परिशिष्टात कोणता द्यायचा?

केतकी: दोन्ही द्यावेत असं मला वाटतं. आमचे सर म्हणतात, छापील तोच द्या.

माधवी फाटक: तुझे सर आणि मी यात एकमत नाही. जो कानावर पडला, उत्तर त्यालाच आलं. ‘संकेतसूची’ मात्र खुशाल वापर, पहिल्यांदा शेजारी ‘कोडबुक’ लिही म्हणजे भाऊंसारखे दचकणार नाहीत.

केतकी: सहा निरंक फॉर्म पुन्हा पाहिले. पाचांत ११ चं उत्तर होय आहे, ते 997. सहाव्यात मात्र ‘नाही’, आणि समासात मुलाने लिहिलंय, ‘टँकर दारातच येतो’. मग हे 0 खरं शून्य? तसं धरलं तर चौघांची सरासरी २२.५ होते.

दिगंबर: दारात येतो, पण कधी येतो? आमच्याकडे बायका दोन-दोन तास हंडे लावून बसायच्या.

माधवी फाटक: प्रश्नात ‘जाऊन-येऊन’ आहे, थांबण्याचा वेळ नाही. त्या घरापुरतं 0 ठेव आणि समासातली ओळ तशीच्या तशी परिशिष्टात दे. प्रश्नात ‘रांगेसह’ घालायला हवं होतं की नाही, यावर मात्र मला अजून विचार करावा लागेल.