वीजबिलाच्या फोटोतून रीडिंग उतरवताना

«आई सांगलीहून बिलांचे फोटो पाठवते, त्यावरून स्प्रेडशीटमध्ये वर्षाचा तक्ता करतोय. पुसट छपाईत ३ आणि ८ ओळखू येत नाहीत.»

मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि युनिट हे तिन्ही आकडे बिलावरूनच उतरवा, अनुक्रमे B, C, D रकान्यांत. पहिली ओळ शीर्षकांची, दुसरीत पहिलं बिल. मग तिसऱ्या ओळीपासून E रकान्यात हे सूत्र:

```
=AND(C3-B3=D3, B3=C2)
```

समजा मागील ४७३५, युनिट १३३ आणि चालू तुम्ही ४८६३ वाचलं. फरक १२८ येतो, म्हणजे FALSE. ४८६८ घातलं की जुळतं. पुढच्या बिलाचं मागील रीडिंगही तेच सांगेल.

सरासरीच्या बिलात मात्र रीडिंग घेतलेलंच नसतं. तिथे FALSE आलं तरी आकडे ओढूनताणून जुळवू नका, शेजारी ‘सरासरी’ लिहा. पुढचं खरं रीडिंग आलं की त्यात दोन्ही महिन्यांचा वापर एकत्र दिसतो, म्हणून त्या दोघांची तुलना एकत्रच करा.